फूटिंगचं काँक्रीट आणि सळई: नकाशातल्या मापांवरून हिशेब कसा काढायचा

एकाच घराच्या एकाच नकाशावरून दोन ठेकेदार फूटिंगचा अंदाज देतात. एकाच्या कागदावर साडेआठ घनमीटर काँक्रीट असतं, दुसऱ्याच्या सहा. सळईच्या आकड्यात तर कधी कधी दुपटीचा फरक निघतो. घरमालकाला वाटतं की पहिला जास्तीचं बिल लावतोय, नाहीतर दुसरा माल मारणार आहे. पुष्कळदा दोन्ही खरं नसतं. दोघांनी वेगवेगळी गोष्ट मोजलेली असते आणि ती कोणती, हे अंदाजपत्रकात लिहिलेलं नसतं. हा हिशेब शाळेतल्या गणिताच्या पलीकडे जात नाही. फूटिंगचं माप आणि संख्या हाती असेल तर तो घरबसल्या तपासता येतो.

## फूटिंग म्हणजे नेमका कोणता भाग?

ओल्या जमिनीवर खाट ठेवली की तिचा पाय रुततो, पायाखाली फळी सरकवली की रुतायचा थांबतो. कॉलमखाली ही फळी म्हणजे फूटिंग. प्रत्येक कॉलमला स्वतःचं वेगळं फूटिंग असेल तर त्याला आयसोलेटेड, म्हणजे सुटं फूटिंग म्हणतात. लहान घरांत बहुतेक वेळा हेच असतं.

फूटिंगखाली साध्या, बिनसळईच्या काँक्रीटचा एक थर असतो. त्याला पीसीसी म्हणतात. त्यावर सळईची जाळी बसते, जाळीवर कॉलमच्या उभ्या सळया उभ्या राहतात आणि मग फूटिंगचं काँक्रीट पडतं. हिशेब करताना हे चार भाग वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

उदाहरणाला बारा कॉलमचं एक घर घेऊ. कॉलम २३० बाय ३०० मिमी, म्हणजे नऊ इंच बाय बारा इंच. डिझाइनरने दोन प्रकारची फूटिंग दिली आहेत. एफ-१ हे १.२ बाय १.२ मीटरचं, अशी आठ. एफ-२ हे १.५ बाय १.५ मीटरचं, अशी चार. यातली दोन घराच्या मधल्या कॉलमखाली आणि दोन पाण्याच्या टाकीचं वजन घेणाऱ्या कॉलमखाली. दोन्हींच्या कडेची जाडी २०० मिमी आहे. कॉलमजवळ एफ-१ ची जाडी ४०० मिमी आणि एफ-२ ची ४५० मिमी होते. म्हणजे वरची बाजू सपाट नाही, कॉलमकडून कडेकडे उतरती आहे.

## जाडी एकच धरली तर काय होतं?

साडेआठ घनमीटरचा आकडा इथूनच येतो. लांबी, रुंदी आणि सर्वांत मोठी जाडी यांचा गुणाकार केला की एफ-२ चं घनफळ १.५ × १.५ × ०.४५, म्हणजे १.०१ घनमीटर येतं. एफ-१ चं ०.५८ येतं. बारांची बेरीज ८.६६ घनमीटर. फूटिंग खरंच चौकोनी ठोकळ्यासारखं भरणार असतील तर हा आकडा बरोबर आहे. काही ठिकाणी मुद्दाम तसंच डिझाइन करतात, कारण सपाट फूटिंग भरायला सोपं पडतं. पण नकाशात उतार असेल, तर या आकड्यात उतारावरची मोकळी हवाही काँक्रीट म्हणून मोजली गेली आहे.

उतरत्या फूटिंगचे दोन भाग करायचे. खालचा भाग कडेच्या जाडीचा सरळ ठोकळा आहे. एफ-२ साठी तो १.५ × १.५ × ०.२०, म्हणजे ०.४५ घनमीटर. वरचा भाग निमुळता आहे. तो खाली १.५ बाय १.५ मीटर आहे. वर तो कॉलमच्या मापापेक्षा चारही बाजूंना ५० मिमी मोठा ठेवतात, म्हणजे कॉलमच्या साच्याला टेकायला जागा मिळते. त्यामुळे वरचं माप ०.३३ बाय ०.४० मीटर होतं. या भागाची उंची ०.२५ मीटर.

या भागाचं घनफळ काढताना बरेच जण खालचं आणि वरचं क्षेत्रफळ मिळवून दोनाने भागतात. ते चुकतं, कारण निमुळत्या वस्तूचं मधलं क्षेत्रफळ हे टोकांच्या सरासरीपेक्षा कमी असतं. बरोबर रीत अशी: आधी मधलं माप काढायचं, म्हणजे लांबीची सरासरी वेगळी आणि रुंदीची सरासरी वेगळी. १.५ आणि ०.३३ यांची सरासरी ०.९१५, १.५ आणि ०.४० यांची ०.९५. त्यांचा गुणाकार ०.८६९ हे मधलं क्षेत्रफळ. आता खालचं क्षेत्रफळ, मधल्याची चौपट आणि वरचं क्षेत्रफळ यांची बेरीज करायची, तिला उंचीने गुणायचं आणि सहाने भागायचं.

```
(२.२५ + ४ × ०.८६९ + ०.१३२) × ०.२५ ÷ ६ = ०.२४४ घनमीटर
```

ठोकळ्याचे ०.४५ मिळवले की एफ-२ चं काँक्रीट ०.६९४ घनमीटर होतं. एफ-१ ला हीच रीत लावली की ०.४२२ येतं. आठ एफ-१ चे ३.३८ आणि चार एफ-२ चे २.७८, मिळून ६.१५ घनमीटर. दोनाने भागणाऱ्या चुकीच्या रीतीने हेच उत्तर ६.५५ आलं असतं. फरक ०.४ घनमीटरचा, म्हणजे सिमेंटच्या तीन गोण्यांचा. ठोकळा धरला असता तर फरक अडीच घनमीटरचा झाला असता.

प्रत्यक्षात थोडं काँक्रीट सांडतं, थोडं मिक्सरला चिकटून राहतं. त्यासाठी तीन ते पाच टक्के वर धरावेत. त्याहून जास्त कोणी धरत असेल तर कारण विचारावं.

## पीसीसी वेगळं का मोजायचं?

कारण ते दिसतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं. पीसीसी फूटिंगपेक्षा चारही बाजूंना बाहेर काढतात. आपल्या नकाशात ते १५० मिमी बाहेर आणि १०० मिमी जाड आहे. म्हणजे एफ-१ खाली १.५ बाय १.५ मीटरचा थर आणि एफ-२ खाली १.८ बाय १.८ मीटरचा. बारा खड्ड्यांचं मिळून ३.१ घनमीटर. हा आकडा फूटिंगच्या काँक्रीटच्या निम्मा आहे आणि अंदाजपत्रकातून तोच सर्वांत सहज गळतो.

इथेच माल सर्वांत जास्त वायाही जातो. बारा थरांचं एकूण क्षेत्रफळ सुमारे ३१ चौरस मीटर आहे. तळ नीट सपाट न करता पीसीसी ओतलं आणि ते सरासरी एक सेंटीमीटर जादा बसलं, तरी ०.३१ घनमीटर माल जास्त लागतो. खड्डा पाच सेंटीमीटर जादा खोल गेला आणि तो पीसीसीनेच भरून काढला, तर दीड घनमीटर. म्हणून पीसीसीच्या आदल्या दिवशी खड्ड्याच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये खुंट्या ठोकून त्यांवर थराची वरची पातळी दाखवून ठेवावी. पीसीसी खड्ड्याच्या भिंतीपर्यंत पसरू द्यायचं की फळ्या लावून मापात ठेवायचं, हेही तेव्हाच ठरवावं.

## घनमीटरवरून गोण्या कशा काढायच्या?

सिमेंट, वाळू आणि खडी कोरडी मोजली तर ती ओल्या काँक्रीटपेक्षा जास्त जागा घेते. पाणी घालून कालवलं आणि दाबलं की वाळू खडीच्या फटींत बसते, सिमेंट वाळूच्या फटींत बसतं आणि एकूण आकारमान घटतं. त्यामुळे एक घनमीटर तयार काँक्रीटला साधारण १.५४ घनमीटर कोरडा माल लागतो, असं धरायची पद्धत आहे.

फूटिंगसाठी एम २० दर्जाचं काँक्रीट म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. एकूण साडेपाच भाग. १.५४ ला ५.५ ने भागलं की सिमेंट ०.२८ घनमीटर. सिमेंटचं वजन घनमीटरला १४४० किलो धरलं तर ते ४०३ किलो होतं, म्हणजे ५० किलोच्या आठ गोण्या आणि वर थोडं. ६.१५ घनमीटरला जेमतेम ५० गोण्या. पीसीसीचं प्रमाण एक, तीन, सहा धरलं तर घनमीटरला साडेचार गोण्यांच्या आत भागतं, म्हणून तिथे १४ गोण्या. दोन्ही कामांची वाळू मिळून सुमारे ४ घनमीटर, म्हणजे जवळपास दीड ब्रास, आणि खडी ८ घनमीटर, म्हणजे पावणेतीन ब्रासच्या थोडी वर.

वाळू ओलसर असेल तर ती फुगते. मध्यम ओल असलेली वाळू कोरडीपेक्षा वीस-पंचवीस टक्के जास्त जागा व्यापू शकते. त्यामुळे पेटीने मोजताना तिचं माप थोडं वाढवावं लागतं आणि खरेदीचा आकडाही वाढतो.

रेडीमिक्स मागवणार असाल तर १.५४ ने अजिबात गुणायचं नाही. गाडीत तयार ओलं काँक्रीट येतं, त्यामुळे मागणी ६.१५ अधिक सांडलवंड एवढीच. कोरड्या मालाचा साडेनऊचा आकडा सांगून मागणी दिली तर तीन घनमीटर काँक्रीट ओतायला जागाच उरत नाही.

## जाळीत किती सळया?

नकाशात एफ-१ साठी १० मिमी सळई, दोन्ही दिशांनी १५० मिमी अंतरावर, असं लिहिलं आहे. एफ-२ साठी १२ मिमी, तेवढ्याच अंतरावर. साइटवरच्या भाषेत तीन सूत आणि चार सूत.

सळई फूटिंगच्या कडेपर्यंत जात नाही. चारही बाजूंनी ५० मिमी काँक्रीटचं पांघरूण सोडावं लागतं, नाहीतर ओल पोचून ती गंजते. याला कव्हर म्हणतात. एफ-२ मध्ये १५०० मधून दोन्हीकडचे ५० वजा केले की १४०० मिमी उरतात. पहिल्या सळईच्या मध्यापासून शेवटच्या सळईच्या मध्यापर्यंतचं अंतर १३८८ मिमी. त्याला १५० ने भागलं की ९.२५ येतं. इथे आकडा नेहमी वर न्यायचा, म्हणजे दहा गाळे. आणि दहा गाळ्यांना सळया अकरा लागतात. नऊ गाळे धरून दहा सळयांत भागवलं तर अंतर १५४ मिमी होतं आणि जाळी नकाशापेक्षा विरळ पडते. जाळी बांधून झाली की दोन्ही दिशांच्या सळया बोट लावून मोजाव्यात. एफ-२ ला अकरा आणि अकरा, एफ-१ ला याच हिशेबाने नऊ आणि नऊ.

प्रत्येक सळईची लांबी नुसती १.४ मीटर नसते. तिची टोकं वर वळवलेली असतात. सळईने काँक्रीटला घट्ट धरायचं तर तिला ठराविक लांबी लागते. लहान फूटिंगमध्ये कॉलमच्या कडेपासून फूटिंगच्या कडेपर्यंत तेवढी जागा नसते, म्हणून उरलेली पकड वळणातून मिळवतात. आपल्या कडेची जाडी २०० मिमी आहे. वर-खाली ५० मिमी कव्हर सोडलं की वळणाला १०० मिमी मिळतात. दोन टोकांचे २०० मिळवून एफ-२ ची सळई १.६ मीटर आणि एफ-१ ची १.३ मीटर होते. वळवताना सळई थोडी वाढते, तो फरक इथे सोडून दिला आहे. तो आपल्या बाजूनेच पडतो.

मीटरभर सळईचं वजन काढायला मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करून १६२ ने भागायचं. १० मिमीला ०.६१७ किलो, १२ मिमीला ०.८८९ किलो. एफ-२ मध्ये २२ सळया, १.६ मीटरच्या, म्हणजे ३५.२ मीटर आणि ३१.३ किलो. एफ-१ मध्ये १८ सळया, १.३ मीटरच्या, म्हणजे २३.४ मीटर आणि १४.४ किलो. चार एफ-२ चे १२५ किलो, आठ एफ-१ चे ११६ किलो. सगळ्या जाळ्या मिळून २४१ किलो.

## पण सगळे घनमीटरला ऐंशी किलो धरतात, त्याचं काय?

आपल्या जाळ्यांचा हिशेब घनमीटरला ३९ किलो निघाला. ऐंशी धरले असते तर ४९२ किलो सळई आली असती, दुपटीहून जास्त. हा ठोक आकडा निराधार नाही, पण त्यात नेमकं काय धरलं आहे हे तो सांगत नाही.

कॉलमच्या उभ्या सळया फूटिंगच्या जाळीवरूनच सुरू होतात. त्यांना स्टार्टर म्हणतात. आपल्या घरात प्रत्येक कॉलमला १२ मिमीच्या सहा सळया आहेत असं धरू. फूटिंगच्या तळापासून जोत्याच्या वरच्या पातळीपर्यंत १.८ मीटर, जाळीवर टेकायला ०.३ मीटरचा आडवा पाय आणि पुढच्या सळईशी जोड घ्यायला ०.६ मीटर, म्हणजे व्यासाच्या पन्नास पट. एक स्टार्टर २.७ मीटरचा झाला. असे ७२ स्टार्टर, त्यांचं वजन १७३ किलो. ते जाळीत मिळवले तर एकूण ४१४ किलो, आणि घनमीटरला ६७ किलो. रिंगा, जाळीवरच्या सळया उचलून धरणाऱ्या चेअर आणि तुकड्यांची तूट मिळवली की ऐंशीच्या बरेच जवळ जातो.

स्टार्टर फूटिंगमध्ये धरले काय किंवा कॉलममध्ये, त्याने बिघडत नाही. दोन्हीकडे धरले तर मात्र १७३ किलोंचे पैसे दोनदा जातात, आणि कुठेच धरले नाहीत तर फूटिंगच्या दिवशी काम अडतं. कागद तपासताना हा एक प्रश्न नक्की विचारावा.

## वजनाएवढी सळई आणली की पुरते का?

नाही, कारण सळई १२ मीटरच्या लांबीत येते आणि तुकडे कसे पडतात यावर तूट ठरते. एफ-१ ला नशीब चांगलं आहे. १.३ मीटरचे नऊ तुकडे ११.७ मीटरमध्ये बसतात, १४४ तुकड्यांना नेमक्या १६ सळया लागतात आणि वाया जवळपास काही जात नाही.

१२ मिमीला तसं होत नाही. नुसते १.६ मीटरचे तुकडे काढले तर एका सळईत सात बसतात आणि ८० सेंटीमीटर उरतात. ८८ तुकड्यांना १३ सळया. स्टार्टरचे २.७ मीटरचे चार तुकडे पडून १.२ मीटर उरतात, ७२ तुकड्यांना १८ सळया. एकूण ३१. आता दोन्ही एकत्र कापू. एका सळईत जाळीचे चार तुकडे आणि स्टार्टरचे दोन घेतले की ११.८ मीटर होतात. अशा २२ सळयांतून जाळीचे सगळे ८८ तुकडे आणि ४४ स्टार्टर निघतात. उरलेल्या २८ स्टार्टरना सात सळया. एकूण २९. फिटरने कापायला बसण्याआधी कागदावर दहा मिनिटं घालवली की दोन सळया वाचतात, म्हणजे २१ किलो. त्यासाठी दोन्ही कामांच्या लांब्या एकाच यादीत लिहून त्याच्या हातात द्याव्या लागतात. जाळी आज आणि स्टार्टर पुढच्या आठवड्यात, असं कापलं की ही जुळणी होत नाही.

बांधायच्या तारेला टनामागे आठ ते दहा किलो धरतात. आपल्याला चार किलो पुरेल.

## आकार आपणच ठरवला तर?

ते करू नये. फूटिंगचं क्षेत्रफळ कॉलमवरचं वजन आणि जमिनीची वजन पेलण्याची ताकद यांतून येतं. जमीन चौरस मीटरला १५ टन पेलत असेल तर एफ-२ चे २.२५ चौरस मीटर सुमारे ३४ टन घेऊ शकतात. जमीन १० टनच पेलणारी निघाली तर तेच वजन घ्यायला बाजू १.५ ऐवजी १.८४ मीटर लागते. बाजू वाढली की कॉलमच्या कडेपासून बाहेर येणारा भाग वाढतो, त्यामुळे जाडी आणि सळईसुद्धा नव्याने काढावी लागते. शेजारच्या घराचं माप उचलण्यात धोका आहे तो यामुळे. आपला हिशेब माप ठरल्यानंतर सुरू होतो.

## हिशेब जुळला की नाही, हे साइटवर कसं कळेल?

पहिलं फूटिंग भरताना गोण्या मोजाव्यात. एका गोणीचा मिक्सरचा एक घाणा सुमारे १२४ लिटर काँक्रीट देतो. म्हणजे एफ-१ ला जवळपास साडेतीन घाणे आणि एफ-२ ला साडेपाचच्या थोडे वर. ही मापं फळीवर खडूने लिहून ठेवली तर मिस्त्रीलाही सोयीची पडतात.

एफ-२ ला सात-आठ घाणे गेले, तर साच्याच्या फळ्या सरकून माप वाढलं आहे का ते बघावं, किंवा उतार न काढता ठोकळाच भरला जात असेल. चारातच भागलं, तर दोनच शक्यता आहेत. एक, पेटीत वाळू-खडी प्रमाणापेक्षा जास्त पडते आहे. दोन, फूटिंग मापात नाही. दुसरी शक्यता लगेच तपासता येते. काँक्रीट ओलं असतानाच कॉलमच्या सळयांना लागून एक बारीक गज पीसीसीला टेकेपर्यंत खाली घालायचा आणि काँक्रीटच्या पातळीवर बोट धरून बाहेर काढायचा. ४५० मिमी भरले पाहिजेत. ही जाडी कमी पडली तर कॉलम फूटिंगला भोक पाडून आरपार जाण्याचा धोका वाढतो, आणि जादा सळई टाकून ती उणीव भरून निघत नाही.

उतार फळीशिवाय टिकावा म्हणून काँक्रीट घट्टसर असावं लागतं. आपला उतार साधारण २३ ते २७ अंशांचा आहे, एवढा घट्ट काँक्रीटवर सहज टिकतो. पाणी जास्त झालं की काँक्रीट कॉलमकडून कडेकडे घसरतं. कडेची जाडी फुगते, मधली घटते आणि घाण्यांची मोजणी मात्र बरोबर येते. म्हणून घाणे जुळले तरी गज घालून बघायचा, कडेलाही आणि कॉलमजवळही. पहिल्या फूटिंगमध्ये फरक दिसला तर पुढच्या घाण्याचं पाणी तिथेच कमी करता येतं, कारण अजून अकरा फूटिंग भरायची असतात.